चहातून देण्याचे औषध

मद्याच्या आहारी गेलेल्या गृहस्थाचे नातेवाईक मनोविकारतज्ज्ञाकडे प्रथम येतात, तेव्हा पुष्कळदा रुग्ण बरोबर नसतो. पत्नी येते, थोरला भाऊ येतो, कधी वृद्ध वडील येतात. आपल्या घरी असे काही आहे हे कोणाला कळू नये म्हणून सायंकाळची शेवटची वेळ मागून घेतलेली असते. मागणीही बहुधा ठरलेली असते. “डॉक्टरसाहेब, ह्यांना कळू न देता चहातून किंवा वरणातून देता येईल असे काही द्या.” भिंतीवरच्या जाहिरातींनी अशा चूर्णांचा इतका प्रचार केला आहे की, सुशिक्षित घरांतही दारू सोडविणारे औषध म्हणजे चोरून खाऊ घालण्याची पूड, अशी समजूत रुजली आहे.

प्रत्यक्षात या आजारासाठी वैद्यकशास्त्राकडे मोजकी, पण चांगली अभ्यासलेली औषधे आहेत. नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट आणि डायसल्फिराम ही त्यांतील तीन प्रमुख नावे. तिन्हींची कार्यपद्धती एकमेकांपासून अगदी भिन्न आहे आणि म्हणूनच कोणाला कोणते द्यावे, हा प्रश्न निर्माण होतो. त्याचे उत्तर नुसत्या नावांवरून देता येत नाही. माणूस समोर असावा लागतो. यास्तव छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरातील, गुलमंडीच्या बाजूचे एक कापड-व्यापारी कल्पनेने डोळ्यांसमोर आणावेत. ते कोणी एक खरे गृहस्थ नव्हेत. परंतु अशा अनेकांचे थोडेथोडे त्यांच्यात आहे.

वय ४६, वजन ६४ किलो. बारा-तेरा वर्षांपूर्वी व्यापारी मित्रांच्या बैठकीत सुरू झालेले पिणे आता रोज रात्री अर्ध्या बाटलीवर, म्हणजे ३७५ मिलीवर, आले आहे. सकाळी हात थरथरतात; दुकानाच्या पावतीपुस्तकावर सही करणे अवघड जाते. कंबरदुखीसाठी ट्रॅमाडॉल नावाची गोळी ते आठवड्यातून तीन-चार वेळा घेतात. मागच्या पर्युषणात त्यांनी मद्यत्यागाचा नियम घेतला, त्याच दिवशी पिणे पूर्ण थांबविले आणि उपवासही आरंभला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना फिट आली. दातांखाली जीभ आली, रुग्णालयात न्यावे लागले. घरच्यांनी त्याचा अर्थ उपवासाने अशक्तपणा आला असा केला. ते स्वतः मात्र वेगळाच धडा शिकले: दारू सोडली की जीव जातो. पंधरा दिवसांत पिणे पूर्ववत सुरू झाले.

डॉक्टरांच्या दृष्टीने औषधाची निवड या फिटेपासूनच सुरू होते. रोज मोठ्या प्रमाणात मद्य घेणाऱ्याचा मेंदू त्या गुंगीला तोंड देण्यासाठी स्वतःला सतत उत्तेजित ठेवायला शिकलेला असतो. गुंगी अकस्मात काढून घेतली की उत्तेजना तेवढी उरते. कंप, घाम, निद्रानाश पहिल्या दिवसातच दिसू लागतात. फिट बहुधा पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत येते. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसू लागतात, ताप चढतो. ही शेवटची अवस्था प्राणघातक ठरू शकते. नियम घेणाऱ्याचा निश्चय कितीही सच्चा असला, तरी शरीर त्या निश्चयाला विचारीत नाही. ज्याला एकदा अशी फिट येऊन गेली आहे, त्याने दारू घरी एकट्याने सोडू नये, रुग्णालयातच सोडावी, असे डॉक्टर सांगतात. घाटी या नावाने सारे मराठवाडा ओळखतो त्या, १९५६ साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकारशास्त्राचा विभाग आहे. शहरात खासगी तज्ज्ञही आहेत.

या पाच-सात दिवसांत दिल्या जाणाऱ्या गोळ्या निराळ्या. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा, यकृत बिघडलेले असल्यास, लोराझेपाम देतात आणि रोज मात्रा कमी करीत थांबवितात. बरोबर थायमिनची, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाची, इंजेक्शने असतात. ती ग्लुकोजच्या सलाईनच्या आधी द्यावयाची असतात, कारण थायमिन नसताना साखर आत गेली तर स्मृतीला व दृष्टीच्या हालचालीला कायमची इजा होऊ शकते. उपवासाने थायमिनचा साठा आणखी घटतो. मागच्या पर्युषणातील घटना किती थोडक्यात निभावली, हे यावरून कळावे. मात्र या उपचाराने दारू सुटते असे मानणे चूक आहे. याने केवळ शरीर शांत होते. सुटलेली दारू सुटलेलीच राहावी, यासाठी ती तीन औषधे आहेत.

नाल्ट्रेक्सोनपासून आरंभ करावा. मद्याचा घोट पोटात जाताच मेंदूत एंडॉर्फिन नावाची, अफूसारखे कार्य करणारी, शरीराचीच द्रव्ये स्रवतात. पहिल्या पेल्याचा जो आनंद आणि त्यातून दुसऱ्या पेल्याची जी ओढ, ती बऱ्याच अंशी यांची करणी. नाल्ट्रेक्सोन ही द्रव्ये जेथे जाऊन बसतात त्या जागा अडवून धरते. प्यायल्यास चढते, पण गोडी उरत नाही. पहिल्यापासून चौथ्यापर्यंत नेणारी साखळी सैल पडते. साधारण मात्रा रोज एकदा ५० मिलिग्रॅम. अमेरिकेत १९९४ साली मद्यासक्तीसाठी त्यास मान्यता मिळाली.

अकॅम्प्रोसेटचे कार्य आनंदाशी नसून अस्वस्थतेशी निगडित आहे. मद्य बंद झाल्यावर मेंदूची ती शिकलेली उत्तेजना आठवडाभरात पुरती ओसरत नाही. कित्येक महिने धुमसत राहते. झोप तुटक लागते, कारण नसताना जीव घाबरा होतो आणि सायंकाळी सात वाजता पाय आपोआप जुन्या वाटेला वळतात. ती धग हे औषध कमी करते, असे मानले जाते. ते गुंगी आणीत नाही, त्याची सवय लागत नाही. ३३३ मिलिग्रॅमच्या दोन-दोन गोळ्या दिवसातून तीन वेळा, म्हणजे रोज सहा गोळ्या, ही त्याची पूर्ण मात्रा. साठ किलोंहून कमी वजनाच्या रुग्णास कित्येक ठिकाणी चारच देतात. हे औषध फ्रान्समध्ये १९८९ पासून आणि अमेरिकेत २००४ पासून आहे.

दोघांत श्रेष्ठ कोण? अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या असता कल असा दिसतो की, ज्याने पिणे आधीच थांबविले आहे त्याला थांबलेलेच ठेवण्यात अकॅम्प्रोसेट किंचित सरस ठरते, तर अधूनमधून घसरणाऱ्याचे बेसुमार पिणे आवरण्यात नाल्ट्रेक्सोन. फरक मोठा नाही आणि यशही सर्वांना मिळत नाही. मद्यापासून दूर राहिलेल्या एका जास्तीच्या माणसामागे साधारण बारा जणांना अकॅम्प्रोसेट द्यावे लागते, असा हिशेब २०१४ च्या एका मोठ्या आढाव्यात निघाला. त्याच आढाव्यात नाल्ट्रेक्सोनचा आकडा बेसुमार पिणे टाळण्यासाठी बारा आणि पिणे पूर्ण टाळण्यासाठी वीस असा होता. अमेरिकेत १,३८३ रुग्णांवर झालेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तर अकॅम्प्रोसेटचा लाभ दिसलाच नाही. युरोपातील रुग्णांनी औषधापूर्वी अधिक दिवस मद्य वर्ज्य केले होते, हे या तफावतीचे एक कारण सांगितले जाते. त्यावरून डॉक्टर एवढे निश्चित शिकले की, अकॅम्प्रोसेट पिण्याच्या भरात नव्हे, शरीर शांत झाल्यावर सुरू करावे.

संशोधनाचा कल इतका निसटता असल्यामुळे प्रत्यक्ष निवड रक्ताच्या अहवालावर आणि घरच्या परिस्थितीवर ठरते. आपल्या व्यापाऱ्यांचे अहवाल पाहावेत. यकृताची एसजीओटी ९६ आणि एसजीपीटी ५८ आहे. सर्वसाधारण मर्यादा चाळीसच्या आसपास. बिलिरुबिन व अल्ब्युमिन ठीक आहे. नाल्ट्रेक्सोन यकृतातून जाते. म्हणून हे आकडे मर्यादेच्या तीन ते पाच पटींवर असल्यास, कावीळ किंवा यकृत निकामी होण्याची चिन्हे असल्यास डॉक्टर ते टाळतात. ९६ म्हणजे अडीच पटींहून कमी. मद्य थांबताच हा आकडा बहुधा आपणच उतरतो. तेव्हा यकृत आड येत नाही.

अकॅम्प्रोसेटला यकृताशी कर्तव्य नाही. ते जसेच्या तसे मूत्रपिंडांतून बाहेर पडते. म्हणून क्रिएटिनिन पाहावयाचे. पण नुसता आकडा नव्हे, त्यावरून मूत्रपिंडांची क्षमता काढावयाची. १४० मधून वय वजा करावे, उरलेल्यास वजनाने गुणावे आणि ७२ गुणिले क्रिएटिनिन या संख्येने भागावे. स्त्री असल्यास उत्तर सुमारे पंधरा टक्क्यांनी कमी धरावे. या गृहस्थांचे क्रिएटिनिन ०.९ आहे, उत्तर ९२ च्या पुढे येते. पूर्ण मात्रा द्यायला हरकत नाही. पण याच घरात ६६ वर्षांचे, ५८ किलो वजनाचे, मधुमेही काका रुग्ण असते आणि त्यांचे क्रिएटिनिन १.६ असते, तर उत्तर ३७ आले असते. तीस ते पन्नास यांमध्ये मात्रा निम्मी, म्हणजे तिन्ही वेळा एकच गोळी. तीस किंवा त्याखाली हे औषध द्यावयाचेच नाही. १.६ हा आकडा कागदावर फारसा भीतिदायक वाटत नाही, म्हणून हा हिशेब न चुकविता करावा लागतो.

म्हणजे यकृत व मूत्रपिंड दोन्ही दारे उघडी आहेत. दार बंद केले ते कंबरदुखीच्या गोळीने. ट्रॅमाडॉल अफूच्या कुळातील. नाल्ट्रेक्सोन ज्या जागा अडविते, त्याच जागांवर ट्रॅमाडॉल बसते. ते शरीरात असताना नाल्ट्रेक्सोन दिल्यास ते तेथून एकदम हुसकावले जाते आणि काही मिनिटांत उलट्या, जुलाब, अंगदुखी, तगमग सुरू होऊ शकते. कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधाचेही तसेच. अशी औषधे थांबवून किमान सात ते दहा दिवस जावे लागतात. रुग्ण हे सांगत नाहीत. लपवितात असे नव्हे, दुखण्याच्या गोळीचा दारूशी संबंध असेल असे त्यांना वाटतच नाही. म्हणून जाणते डॉक्टर घरातील सर्व औषधांची पिशवीच घेऊन यायला सांगतात. येथे ट्रॅमाडॉल थांबविण्यास दुसरेही कारण होते: ते फिट येण्याची शक्यता वाढविते.

तिसरे औषध डायसल्फिराम. पत्नीला चहातून द्यावयाचे होते ते हेच, तिला नाव ठाऊक नसले तरी. डेन्मार्कमधील हाल्ड व याकोबसेन यांच्या कामातून १९४८ च्या सुमारास ते पुढे आले. ते मद्याची ओढ कमी करीत नाही. मद्य पचताना मध्येच तयार होणारे ॲसिटाल्डिहाइड नावाचे विष ते शरीरात साचू देते. गोळी घेणाऱ्याने मद्य घेतले तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो. हृदयविकार असलेल्याचा प्राणही जाऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. द्राक्षासव किंवा इतर आसव-अरिष्टांत किण्वनाने आपोआप तयार झालेले अल्कोहोल असते, होमिओपॅथीच्या अनेक थेंबांतही असते. तेही या काळात वर्ज्य.

या औषधाच्या बाबतीत महाराष्ट्रातलाच एक उल्लेखनीय अभ्यास आहे. मुंबईचे डॉ. अविनाश डिसूझा व डॉ. ॲलन डिसूझा यांनी मद्यासक्त पुरुषांच्या दोन चाचण्या केल्या. दोहोंत प्रत्येकी शंभर रुग्ण होते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभर निम्म्यांना डायसल्फिराम व निम्म्यांना नाल्ट्रेक्सोन दिले. वर्षअखेर मद्यापासून दूर राहिलेले पहिल्या गटात ८६ टक्के, दुसऱ्यात ४४ टक्के होते. २००५ च्या चाचणीत तुलना अकॅम्प्रोसेटशी होती. तेथे आठ महिन्यांअखेर हे प्रमाण ८८ व ४६ असे आले. मात्र दोन्ही वेळा ओढ कमी आढळली ती डायसल्फिराम न घेणाऱ्या गटात.

हे आकडे वाचून कोणीही डायसल्फिरामचाच आग्रह धरील. परंतु या चाचण्यांत आलेले रुग्ण असे होते की, ज्यांच्या घरात गोळी नियमित दिली जाते हे पाहणारे माणूस होते. शिवाय कोण काय घेत आहे हे सर्वांना ठाऊक होते. ते ठाऊक नसते तर औषध चाललेच नसते. कारण डायसल्फिरामचा खरा गुण गोळीत नाही, भीतीत आहे. सकाळी गोळी घेतली आहे हे ज्याला माहीत आहे, तो सायंकाळी पेल्याला हात लावत नाही. त्यालाच ती चहातून चोरून दिली तर भीती उरत नाही. तो नेहमीप्रमाणे पितो आणि मरणाच्या दारी जातो. औषधाचा उपयोग वजा झाला, विष तेवढे राहिले. चोरून डायसल्फिराम देण्यास डॉक्टर नकार देतात तो नीतिनियमांमुळे तर आहेच, पण या साध्या हिशेबामुळेही आहे. रुग्णाची संमती, निरोगी हृदय, शेवटच्या मद्यपानानंतर किमान बारा तास, यकृतावर नजर आणि रोज समोर गोळी देणारे घरचे माणूस इतके सारे जुळत असेल, तर मात्र आपल्याकडच्या एकत्र कुटुंबांत हे औषध उत्तम काम करते. आपले व्यापारी खरेदीसाठी महिन्यातून दोनदा बाहेरगावी जातात आणि “ती भीतीची गोळी नको,” असे त्यांनी स्पष्ट सांगितले. तेव्हा तो मार्ग बाजूला राहिला.

अशा रीतीने निवड अकॅम्प्रोसेटवर आली. रुग्णालयातील सातव्या दिवशी दोन-दोन-दोन अशा गोळ्या सुरू झाल्या. त्यांना चौविहार असे, म्हणजे सूर्यास्तानंतर पाणीदेखील नाही. रात्रीच्या गोळ्यांचे काय, हा प्रश्न पत्नीने संकोचत विचारला. तो विचारला हे बरे झाले, कारण अनेकजण असा प्रश्न न विचारता रात्रीची मात्रा मुकाट्याने सोडून देतात. या औषधाचे शोषण इतके सावकाश होते की, वेळा सकाळी सात, दुपारी साडेबारा आणि सूर्यास्तापूर्वी अशा ठेवल्या तरी चालते. निर्जळ उपवास मात्र मूत्रपिंडांवर भार टाकतो. तो करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे लागते.

पहिल्या आठवड्यात जुलाब झाले, ते थांबले. पहिला महिना चांगला गेला. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस जालन्याच्या एका लग्नात त्यांनी एक पेला घेतला, तो पहाटेपर्यंत थांबला नाही आणि पुढचे तीन दिवसही थांबला नाही. अशा वेळी घरचे लोक औषध निरुपयोगी ठरले म्हणून फेकून देतात. वास्तविक घसरल्यावरही अकॅम्प्रोसेट चालू ठेवता येते. मद्याशी त्याचे भांडण होत नाही. डॉक्टरांनी उरलेल्या गोळ्या मोजायला सांगितल्या. महिन्याच्या १८० पैकी ५२ शिल्लक होत्या. दुपारच्या गोळ्या महिन्याला साठ होतात. म्हणजे दुपारची मात्रा जेमतेम चार दिवस घेतली गेली होती. दुकानात गिऱ्हाइकांसमोर डबी काढायची लाज, एवढेच त्याचे कारण निघाले.

मग डॉक्टरांनी घसरण कशी झाली ते खोदून विचारले. घरी सायंकाळी ओढ होती काय? फारशी नव्हती. पहिला पेला आग्रहाने घेतला. पण त्यानंतर थांबणे आपल्या हाती राहिले नाही, असे ते म्हणाले. दिवसात तीन वेळा गोळ्या घेणे जमत नाही आणि अडचण पहिल्या पेल्यापूर्वीची नसून नंतरची आहे, या दोन्ही गोष्टी नाल्ट्रेक्सोनकडे बोट दाखवीत होत्या. ट्रॅमाडॉल थांबून दोन महिने झाले होते, एसजीओटी ५२ वर उतरली होती. पुन्हा चार दिवस मद्य उतरविण्याचे उपचार झाले आणि नाल्ट्रेक्सोन सुरू झाले: पहिले तीन दिवस २५ मिलिग्रॅम, नंतर ५०. नवकारशीनंतर न्याहारी झाली की पत्नीच्या समोर एक गोळी. रिकाम्या पोटी मळमळते, म्हणून न्याहारीनंतर. उपवासाच्या दिवशी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यावयाच्या नाहीत.

पुढील व्यवस्था अशी ठरली: यकृताची तपासणी पहिल्या, तिसऱ्या व सहाव्या महिन्यात, डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा उजव्या बरगडीखाली दुखू लागले तर गोळी बंद करून त्याच दिवशी दाखवावयाचे. औषध निदान सहा महिने, शक्यतो वर्षभर. दर भेटीत समुपदेशन, कारण लग्नातला आग्रह कसा परतवावा हे कोणतीही गोळी शिकवीत नाही. आणि हे यकृत पुढे खरोखरीच निकामी होऊ लागले, पोटात पाणी झाले, तर नाल्ट्रेक्सोन व डायसल्फिराम दोन्ही बाजूला पडतील; तेव्हा मूत्रपिंडे ठीक असल्यास अकॅम्प्रोसेट किंवा बॅक्लोफेन नावाचे निराळे औषध विचारात घेतले जाईल.

कंबरदुखीसाठी आता पॅरासिटामॉल, तेही यकृत पाहून थोड्या मात्रेत, आणि व्यायाम. जाताना डॉक्टरांनी एका कार्डावर “हे गृहस्थ नाल्ट्रेक्सोन घेत आहेत” असे लिहून ते पैशांच्या पाकिटात ठेवायला दिले. खरेदीच्या प्रवासात अपघात झाला तर मॉर्फिनसारखी वेदनाशामके या माणसावर नेहमीप्रमाणे काम करणार नाहीत, हे तेथील डॉक्टरांना आधी कळले पाहिजे. पत्नीने त्या कार्डाची आणखी एक प्रत करवून घेतली आणि ती थोरल्या दिरांकडे दिली.